रीमरला किती सोडायचं?

बारा मिलिमीटरची डॉवेल पिन भोकाच्या तोंडाशी धरावी, तांब्याच्या हातोडीनं हलकेच दोन-तीन ठोके द्यावेत आणि पिन एकाच लयीत आत उतरावी. भोक बरोबर झालंय हे तेव्हा हातालाच कळतं. तीच पिन भोकात नुसती सोडल्यावर आरपार जाऊन टेबलावर पडली, तर समजावं की भोक मोठं झालं. चांगल्या आणि वाया गेलेल्या अशा दोन भोकांत फरक असतो तो वीस-पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा.

डॉवेल पिन म्हणजे पोलादाची गुळगुळीत, कडक केलेली खुंटी. दोन प्लेटी कितीही वेळा उघडल्या आणि परत जोडल्या तरी त्या अगदी पहिल्याच जागी बसाव्यात, हे तिचं काम. बोल्ट प्लेटी आवळून धरतो, पण जागेवर आणतो तो डॉवेल. प्रेसची डाय, जिग, फिक्श्चर, गिअरबॉक्सचं झाकण, इंजिनाचं हेड अशा ठिकाणी ती असते. तिच्यासाठी भोक करायचं तर ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं ‘१२ एच ७’. याचा अर्थ भोक बारा मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही आणि १२.०१८ पेक्षा मोठं चालणार नाही. सगळी मुभा अठरा मायक्रॉनची.

एवढ्या बारीक मुभेत ड्रिलनं थेट भोक पाडता येत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. आधी ड्रिलनं थोडं लहान भोक पाडायचं आणि उरलेलं मटेरियल रीमरनं काढायचं. रीमर म्हणजे सहा-आठ सरळ किंवा किंचित पिळाच्या धारांचं हत्यार. ते नवीन भोक पाडत नाही, असलेलं भोक मापाला आणतं आणि आतून साफ करतं. बारा मिलिमीटरचा रीमर वापरायचा हे तर ठरलेलंच असतं. ठरवायचा असतो तो त्याच्या आधीचा ड्रिल. कोणीही नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, “काका, रीमरला किती सोडायचं?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकलं तर रीमर कितीही महागाचा असो, भोक वाचत नाही.

मी स्वतः हे चुकूनच शिकलो. भोसरीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये माझं पहिलं वर्ष चाललं होतं. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटीत बारा एच ७ ची आठ भोकं करायची होती. मी विचार केला, रीमर नाजूक हत्यार, त्याच्यावर भार कमी टाकावा. म्हणून ११.९ चा ड्रिल घेतला. हिशेबानं रीमरला ०.१ मिलिमीटर राहत होतं. पहिली तीन भोकं गेजनं पाहिली. गेजचं गो टोक आत गेलं, नो-गो टोक बाहेर अडलं, म्हणजे पास. मी खुशीत होतो. आमचे मिस्त्री आले, त्यांनी गेजला हातही लावला नाही. प्लेट उचलली, भोकामागे बॅटरी धरली आणि म्हणाले, “आत बघ, अर्ध्या अंगाला ड्रिलचे आटे तसेच आहेत.” भोकाच्या एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला ड्रिलनं ओढलेल्या पिळाच्या रेघा, जशाच्या तशा. पाचव्या भोकापासून तर रीमर किंचाळायला लागला आणि सातव्यात गो टोकही जाईना. एकाच प्लेटीत, एकाच रीमरनं, एकाच दिवशी.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर सुरुवात ड्रिलपासून करावी लागते.

ड्रिलवर जे माप कोरलेलं असतं ते ड्रिलचं असतं, भोकाचं नसतं. हे वाक्य सगळे ऐकतात आणि आकडेमोड करताना विसरतात. ड्रिलला दोन ओठ, म्हणजे कापणाऱ्या दोन धारा. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनात असतील तर टोक बरोबर मधोमध येतं आणि ड्रिल आपल्या मापाच्या जवळपास भोक पाडतो. पण ग्राइंडरवर हातानं धार लावली की एक ओठ हमखास लांब राहतो. मग टोक मधोमध राहत नाही, ड्रिल त्या सरकलेल्या टोकाभोवती फिरायला बघतो आणि लांब ओठ भोकाची भिंत बाहेर ढकलत नेतो. टोक मध्यापासून तीन शतांश मिलिमीटर सरकलं तर भोक सहा शतांशानं मोठं होऊ शकतं, कारण सरकणं दोन्ही बाजूंना मोजलं जातं. त्यात चकचं थोडं डुगडुगणं आणि मशीनच्या स्पिंडलची झीज मिळवली की ड्रिल मापापेक्षा मोठं भोक का पाडतो, हे स्पष्ट होतं.

माझा ११.९ चा ड्रिल हातानं धार लावलेला होता. मिस्त्रींनी त्याच ड्रिलनं एका भंगार तुकड्यात भोक पाडायला लावलं आणि मोजलं. ते ११.९६ भरलं. मी समजत होतो की रीमरला ०.१ सोडलंय. प्रत्यक्षात सोडले होते चार शतांश, म्हणजे भिंतीच्या एका अंगाला फक्त दोन शतांश. ड्रिलच्या रेघा एखाद्या जागी त्याहून खोल गेल्या असतील तर रीमर तिथपर्यंत पोचणारच नव्हता. शिवाय रीमर आणि भोक यांचे मध्य एकमेकांपासून दोन शतांश जरी सरकलेले असले, तरी एका बाजूला चार शतांश कापलं जातं आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. अर्ध्या अंगाला आरसा आणि अर्ध्या अंगाला आटे, हे गणित असंच उतरलं होतं.

उरलेला प्रश्न रीमरच्या किंचाळण्याचा. रीमर नेमका कुठे कापतो हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. मशीन रीमरच्या लांब सरळ धारा मुख्यतः वाट दाखवतात आणि भिंत नीट करतात. खरं कापणं होतं ते पुढच्या तोंडाशी, प्रत्येक धारेला दिलेल्या पंचेचाळीस अंशांच्या छोट्याशा उतारावर. मटेरियल पुरेसं सोडलं असेल तर या उताराचा बऱ्यापैकी भाग कामाला लागतो आणि भार पसरतो. अगदीच थोडं सोडलं तर उताराचा फक्त वरचा कोपरा लागतो, तोच कोपरा ज्याच्यावर भोकाचं माप अवलंबून असतं. सगळी झीज एकट्या त्या कोपऱ्यावर येते. कोपरा बोथट झाला की तो कापायचं सोडून धातू दाबायला लागतो. दाबलेला धातू रीमर बाहेर निघाल्यावर थोडा परत फुगतो आणि भोक लहान भरतं. सातव्या भोकात गो गेज न जाण्याचं कारण ते. रीमरवरचा भार कमी करावा या चांगल्या हेतूनं मी त्याची धारच घालवली होती.

सुताराचा रंधा ज्यांनी चालवलाय त्यांना हे लगेच कळेल. पातं फारच आत ओढलं तर रंधा लाकडावरून नुसता सरकतो, चकाकी येते पण सालपट निघत नाही. पातं फार बाहेर काढलं तर तो अडकतो आणि लाकूड उचकटतो. मधे एक जागा असते जिथे सालपट सलग, पातळ निघतं. रीमरलाही अशीच मधली जागा लागते.

आता दुसरी चूक, आणि ही छोट्या कारखान्यांत जास्त दिसते. बाजारात मिळणारा ड्रिलचा नेहमीचा डबा एक ते तेरा मिलिमीटरचा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं असतो. त्यात बाराच्या आधी येतो ११.५. हाताशी तोच असतो म्हणून तोच लावला जातो. भोक साधारण ११.५५ पडतं आणि रीमरला पंचेचाळीस शतांश मटेरियल उरतं. पंचवीस मिलिमीटर जाडीत हे मटेरियल नीट सोडलेल्या भोकाच्या दुपटीहून जास्त होतं. रीमरच्या धारांमधल्या खाचा ड्रिलच्या खाचांसारख्या खोल नसतात, त्या एवढ्या चिप्ससाठी केलेल्याच नसतात. चिप्स खाचांत दाबून बसतात, भिंतीवर घासल्या जातात, उष्णता वाढते, धारेच्या टोकावर धातूचा कण चिकटून बसतो आणि मग तो कणच धारेसारखा कापायला लागतो. असं भोक आतून फाटल्यासारखं, उभ्या ओरखड्यांचं दिसतं आणि बहुधा मोठं भरतं. नो-गो टोक सुळकन आत जातं. अशा भोकाला इलाज नाही. लहान राहिलेलं भोक परत रीम करता येतं, मोठं झालेलं भोक म्हणजे प्लेट बाजूला ठेवायची किंवा पुढच्या मापाची पिन शोधायची.

मग बरोबर माप कोणतं? आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवतात ती रीत साधी आहे आणि माझ्या मते अजूनही तीच सगळ्यांत कामाची आहे. तयार भोकाच्या मापातून दोन आकडे वजा करायचे. पहिला आकडा रीमरला सोडायच्या मटेरियलचा. पाच मिलिमीटरच्या आतल्या भोकाला ०.१ ते ०.२, पाच ते वीसपर्यंत ०.२ ते ०.३, त्यापुढे पन्नासपर्यंत ०.३ ते ०.५ मिलिमीटर. हे माप व्यासावरचं आहे, म्हणजे भिंतीच्या एका अंगाला त्याच्या निम्मं. दुसरा आकडा ड्रिल जितकं मोठं भोक पाडेल त्याचा. तो सर्वसाधारणपणे ०.०५ धरतात.

आपल्या भोकाला हे लावून पाहू. तयार माप १२, रीमरला सोडायचे ०.२, ड्रिलच्या सवयीचे ०.०५. बारातून पाव मिलिमीटर गेला, राहिले ११.७५. या मापाचा ड्रिल मुद्दाम बनवून घ्यावा लागत नाही, तो बाजारात मिळतो आणि मिळतो तो बरेचदा याच कामासाठी. त्यानं भोक साधारण ११.८० पडेल आणि रीमरला ०.२० मिळेल, एका अंगाला दहा शतांश. ड्रिलच्या रेघा काढायला ते पुरेसं आहे, मध्य थोडा सरकला असेल तरी दोन्ही बाजूंना काही ना काही कापलं जाईल आणि खाचा भरून जाण्याइतकं ते जास्तही नाही. दहा मिलिमीटरच्या भोकाला हाच हिशेब ९.७५ वर येतो.

११.७५ मिळाला नाही तर? ११.७ किंवा ११.८ दोन्ही चालतात. नवा, कंपनीच्या धारेचा ड्रिल असेल आणि मशीन घट्ट असेल तर मी ११.८ घेईन. हातानं धार लावलेला ड्रिल असेल तर ११.७, कारण तो मोठं भोक पाडणार हे मी गृहीत धरतो. सूत्रातला ०.०५ हा सरासरी कारागीर आणि सरासरी मशीन यांचा आकडा आहे. तुमचा ड्रिल आणि तुमचं मशीन यांचा आकडा वेगळा असू शकतो आणि तो पुस्तकात सापडणार नाही.

तो सापडतो भंगाराच्या तुकड्यात. त्याच धातूचा, शक्य तर त्याच जाडीचा तुकडा घ्यावा, तोच ड्रिल त्याच मशीनवर लावावा, तेवढेच फेरे ठेवावेत, एक भोक पाडावं आणि मोजावं. पाच मिनिटांचं काम आहे. मिस्त्री आम्हाला पहिलं भोक कधीच जॉबमध्ये पाडू देत नसत आणि या बाबतीत ते कोणाचंही ऐकत नसत.

मोजण्यात मात्र एक खड्डा आहे. व्हर्नियर कॅलिपरचे आतले जबडे बारीक असले तरी त्यांच्या कडा थोड्या सपाट असतात. लहान गोल भोकात ती सपाट कड भिंतीला मधोमध न टेकता दोन्ही बाजूंना टेकते आणि माप खरं आहे त्यापेक्षा लहान दिसतं. म्हणजे ११.८८ चं भोक ११.८५ वाटतं आणि रीमरला आहे त्याहून जास्त मटेरियल शिल्लक आहे असा समज होतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते. त्यामुळे एवढ्या लहान भोकात टेलिस्कोपिक गेज लावून त्यावर मायक्रोमीटर घ्यावा, किंवा जवळ पिन गेजचा संच असेल तर एक शतांशाच्या फरकाच्या पिना घालून कोणती जाते आणि कोणती अडते ते पाहावं. व्हर्नियरशिवाय दुसरं काही नसेल, तर निदान दाखवलेल्या मापात दोन-तीन शतांश मनातल्या मनात वाढवून घ्यावेत.

बरोबर ड्रिलची निवड झाली तरी रीमिंग चुकीच्या वेगानं केलं तर फळ मिळत नाही, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. माइल्ड स्टीलमध्ये ११.७५ चा हायस्पीड स्टीलचा ड्रिल मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांच्या आसपास चालतो. बाराचा रीमर त्याच मशीनवर अडीचशेच्या आसपास चालवायचा, पण पुढे सरकवताना मात्र ड्रिलपेक्षा जरा भरभर, फेऱ्यामागे साधारण ०.३ मिलिमीटरनं. कुलंट भरपूर हवं. रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही, आत जाताना नाही आणि बाहेर काढतानाही नाही, कारण उलट्या फेऱ्यात चिप धारेच्या पाठीमागे अडकते आणि धारेचा तुकडा उडतो. सगळं जुळलं असेल तर खाचांतून बारीक, केसांसारख्या वळलेल्या चिप्स येतात. स्टीलमध्ये नुसती काळपट भुकटी आली तर रीमर कापत नाही, घासतोय. खाचा चिप्सनी गच्च भरून आल्या तर जास्त सोडलं गेलंय. गेज लावायच्या आधीच हे दोन्ही कळतं, फक्त चिप्सकडे बघायची सवय हवी.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक रीमरला मुद्दाम जास्त सोडतात. समज असा की भोक जरा वाकडं गेलं किंवा जागेवरून सरकलं तर रीमर ते सरळ करून घेईल, फक्त त्याला मटेरियल द्यायला हवं. रीमर असं करत नाही. तो ड्रिलनं दाखवलेल्या वाटेनंच जातो. वाट वाकडी असेल तर भोक वाकडंच राहतं, फक्त गुळगुळीत होतं. म्हणून भोकाची जागा ड्रिलच्या आधीच पक्की करायची. खूण नीट मारायची, सेंटर ड्रिलनं तोंड करायचं, मग चार-पाच मिलिमीटरचं पायलट भोक घ्यायचं म्हणजे मोठ्या ड्रिलचं जाड मधलं टोक भरकटत नाही, आणि नंतर ११.७५. दोन प्लेटींत एकच डॉवेल जायचा असेल तर दोन्ही प्लेटी एकत्र आवळून एकाच बैठकीत ड्रिल आणि रीम कराव्यात. जागा शतांशांत पाळायची असेल तर ड्रिल ११ वर थांबवावा, बोअरिंग टूलनं भोक ११.८ ला आणावं आणि मग रीमर घालावा. बोअरिंग टूल एका धारेचं असतं, ते भोकाची वाट मशीनच्या स्पिंडलच्या रेषेत आणतं. रीमर ती वाट फक्त मापाला नेतो. सोडलेल्या मटेरियलनं माप आणि भिंत मिळते, जागा मिळत नाही.

धातू बदलला की पहिला आकडाही बदलतो. ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूत दीडपट सोडायला सांगतात. बारा मिलिमीटरला ०.२ ऐवजी ०.३, म्हणजे हिशेब ११.६५ वर येतो. मी तिथे ११.६ घेतो, कारण ॲल्युमिनियम मऊ आहे, ड्रिलला चिकटतं, भिंत फाटते, आणि त्या फाटलेल्या थराखाली रीमरला पोचायला हवं. स्टेनलेस स्टीलमध्ये कमी सोडण्याची चूक सगळ्यांत महाग पडते. हा धातू घासला की वरचा थर कडक होतो आणि पुढची धार त्या कडक थरावर घसरते. एकदा रीमर घासला की ते भोक परत रीम करणंही अवघड होऊन बसतं. बिडाची गोष्ट सोपी आहे. त्याची चिप भुकटीसारखीच निघते, त्यामुळे खाचा गच्च भरत नाहीत आणि वरच्या आकड्यांत काम निभावतं.

हातानं पान्ह्यात धरून फिरवायच्या रीमरचा हिशेब वेगळा आहे, आणि मोटारसायकलच्या गॅरेजात कनेक्टिंग रॉडचं बुश बदलणाऱ्यांना याचीच गरज पडते. हातरीमरचं तोंड बऱ्याच लांबीपर्यंत किंचित निमुळतं असतं. ते निमुळतं अंग भोकात शिरून रीमरला सरळ उभं करतं आणि हळूहळू कापत जातं. मनगटाच्या जोरावर कापायचं असल्यानं त्याला मशीन रीमरच्या साधारण निम्मं मटेरियल पुरतं, बाराच्या भोकाला ०.१ च्या आसपास. जास्त सोडलं तर माणूस जोर लावतो, जोर दोन्ही हातांनी सारखा लागत नाही आणि भोकाचं तोंड घंटेसारखं पसरतं. बुशमध्ये पिन एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला ढिली लागली, तर कारण बहुतेक इथे सापडतं.

शेवटची गोष्ट रीमरवरच्या मापाची. कारण हिशेब बरोबर करूनही कधीकधी लोक इथे चकतात. बारा एच ७ साठी बनवलेला रीमर बरोबर बाराचा नसतो. नवा असताना तो १२.००८ ते १२.०१५ यांच्या दरम्यान असतो. तो १२.०१८ पर्यंत नेत नाहीत, कारण रीमरही आपल्या मापापेक्षा दोन-तीन मायक्रॉन मोठं भोक करतो. आणि बारावर ठेवत नाहीत, कारण धार झिजायला जागा हवी. मायक्रोमीटरवर रीमर १२.०१ दिसला म्हणून तो खराब आहे असं समजून दगडावर घासणारे मी पाहिलेत. तो रीमर अगदी बरोबर होता.

माझ्या त्या प्लेटीतली तीन भोकं मिस्त्रींनी नंतर बाराऐवजी साडेबाराला नेऊन वाचवली, बाकीच्यांसाठी प्लेट परत कापावी लागली. त्यानंतर त्यांनी मला एक पत्र्याची डबी दिली. तिच्यात ७.७५, ९.७५ आणि ११.७५ चे तीन ड्रिल होते, त्यांच्या शेजारी आठ, दहा आणि बाराचे रीमर, आणि झाकणावर पेंटनं लिहिलेलं ‘फक्त रीमिंगसाठी’. ते ड्रिल दुसऱ्या कामाला लावायचे नाहीत, हाताच्या ग्राइंडरवर न्यायचे नाहीत, धार गेली की टूल ग्राइंडरवर द्यायचे किंवा नवे आणायचे. ज्यांच्या शेडमध्ये एक पिलर ड्रिल मशीन आणि एक रीमर आहे, त्यांनी अशी एक डबी आजच करून ठेवावी.